सिरीजच्या गृहपाठातल्या चुका: वर्गासाठी एक पान

प्रश्न: मी एफवायबीएस्सीला आहे, मॅथ्स घेतलंय. इन्फिनिट सिरीजच्या गृहपाठात आमच्या वर्गाचे मार्क सारखे जातात. मॅडमनी मला वर्गासाठी एक छोटी टीप लिहायला सांगितली आहे: नेहमीच्या चुका कोणत्या आणि प्रत्येक कशी टाळायची. मी सगळ्यांच्या वह्या मागून यादी केली, तर सतरा मुद्दे झाले. ते एका पानात बसत नाहीत. मैत्रीण म्हणते, चुका कशाला लिहितेस, मुलांना टेस्टच पाठ नाहीत, सगळ्या टेस्टचा एक तक्ता दे. मलाही तसंच वाटायला लागलंय. शिवाय आपल्याच वर्गातल्यांना 'हे करू नका, ते करू नका' असं लिहिणं म्हणजे आगाऊपणा वाटतो. यादी देऊ की तक्ता?

उत्तर: तक्ता देऊ नकोस. तो पुस्तकात असतोच, आणि ज्यांच्या वह्या तू मागितल्यास त्यांनी तो पाहिलेलाही असणार. त्या वह्या पुन्हा उघड आणि एवढंच बघ, की टेस्टचं नाव चुकलंय का. बहुतेक ठिकाणी नाव बरोबर असेल, लिमिटही बरोबर काढलेलं असेल, आणि तरी शेवटची ओळ चुकलेली असेल. म्हणजे टेस्ट पाठ आहे. ती कुठे गप्प बसते ते ठाऊक नाही. कन्व्हर्जन्सच्या बहुतेक टेस्टकडून तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात: कन्व्हर्ज होते, डायव्हर्ज होते, आणि 'यावरून काही सांगता येत नाही'. हे तिसरं उत्तर वहीत सहसा कोणी लिहीत नाही, कारण ते लिहिलं की गणित अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. मग पहिल्या दोनांपैकी एक दडपून दिलं जातं.

सतरा मुद्द्यांचंही तसंच. 'टर्म शून्याकडे जाते म्हणून सिरीज कन्व्हर्ज' आणि 'लिमिट अर्धा आलं म्हणून बेरीज अर्धा' हे दोन मुद्दे तुझ्या यादीत वेगवेगळ्या नंबरांवर असतील, पण चूक एकच आहे. मुद्दे असे एकत्र करत गेलीस तर बहुतेक सगळे चार ठिकाणी जमा होतील: टर्म आणि बेरीज यांची गल्लत, कम्पॅरिझनची दिशा, रेशो टेस्ट, आणि पॉवर सिरीजची टोकं. पानावर हे चारच घे. उरलेल्यांना तळाशी दोन ओळी पुरतील.

आगाऊपणाची काळजी मात्र रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय मांडणीत आहे. 'करू नका' हे शब्द पानावर येऊच देऊ नकोस. प्रत्येक चुकीसाठी आधी चुकलेलं उत्तर वहीत असतं तसंच, कोणाचं नाव न घालता छाप. त्याखाली दुसरी एक सिरीज दे, जिला तोच युक्तिवाद लावला की धडधडीत खोटं उत्तर येतं. आणि शेवटी वहीत लिहायची एक ओळ दे, जी लिहिली तर ती चूक करताच येत नाही. चुकलेली पायरी वाचणाऱ्याला स्वतः सापडते, तुला उपदेश करावा लागत नाही. आता चारही ठिकाणं एकेक करून घेऊ. यातलं किती पानावर न्यायचं ते तू ठरव.

टर्म आणि बेरीज

पानाच्या सुरुवातीला हे छाप:

lim 1/n = 0, म्हणून Σ 1/n कन्व्हर्ज होते.

प्रत्येक सिरीजमध्ये दोन सिक्वेन्स असतात. एक टर्मची, aₙ. दुसरी पार्शल समची, Sₙ = a₁ + a₂ + … + aₙ. सिरीज कन्व्हर्ज होते का, हा प्रश्न पूर्णपणे Sₙ बद्दल आहे. आपण लिमिट काढतो ते मात्र बहुतेक वेळा aₙ चं, कारण Sₙ चं सूत्र हातात नसतं. वरच्या ओळीत प्रश्न एकीबद्दल आहे आणि उत्तर दुसरीवरून दिलंय.

ही गल्लत उघडी पाडायला Σ n/(2n+1) घे. टर्मचं लिमिट 1/2 आहे, आणि काही वह्यांत 'सिरीज 1/2 ला कन्व्हर्ज होते' असं उत्तर सापडेल. पण प्रत्येक नवी टर्म बेरजेत सुमारे अर्धा मिळवतेय. हजार टर्मनंतर बेरीज पाचशेच्या आसपास पोचलेली असते. ती कुठेही थांबणार नाही. टर्मचं लिमिट शून्य नसेल तर सिरीज डायव्हर्ज होते, एवढंच ही टेस्ट सांगते. लिमिट शून्य आलं की ती गप्प बसते.

Σ 1/n बद्दल एक जास्तीची अडचण आहे: कॅल्क्युलेटर इथे फसवतो. पहिल्या १०० टर्मची बेरीज सुमारे ५.१९ येते, १००० टर्मची सुमारे ७.४९, दहा लाख टर्मची सुमारे १४.३९. बेरीज १० च्या पुढे जायला १२,३६७ टर्म लागतात आणि २० च्या पुढे जायला २७ कोटींहून जास्त. आकडे पाहून कोणीही म्हणेल की ही पंधराच्या आसपास थांबेल. म्हणून आकड्यांऐवजी चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने दिलेला युक्तिवाद पानावर घाल, तो दोन ओळींत मावतो:

1/3 + 1/4 > 1/4 + 1/4 = 1/2

1/5 + 1/6 + 1/7 + 1/8 > 4 × 1/8 = 1/2

पुढच्या आठ टर्म, त्यापुढच्या सोळा टर्म, प्रत्येक गट अर्ध्याहून जास्त देतो. असे गट कधी संपत नाहीत, तेव्हा बेरीजही कुठे अडत नाही. ज्याला हे एकदा पटलं त्याच्या हातून 'टर्म शून्याकडे जाते म्हणून' हे शब्द सहज निघत नाहीत.

वहीत लिहायची ओळ: नुसतं 'लिमिट = ०' असं कधीच लिहायचं नाही; 'टर्मचं लिमिट = ०, दुसरी टेस्ट हवी' किंवा 'बेरजेचं लिमिट = …' असं पूर्ण लिहायचं. शब्द जास्तीचे वाटतात, पण कशाचं लिमिट ते लिहावं लागलं की गल्लत तिथेच दिसते. आणि एक साधी खूण: उत्तरात बेरजेची नेमकी संख्या आली असेल, तर सिरीज जिओमेट्रिक किंवा टेलिस्कोपिंग आहे का, किंवा एखाद्या माहितीतल्या सूत्रात बसते का, ते बघायचं. यातलं काहीच नसेल तर ती संख्या बहुधा टर्मचं लिमिट असते.

कम्पॅरिझनची दिशा

यासाठी मुद्दाम असं उदाहरण निवड, ज्यात शेवटचं उत्तर बरोबर आहे:

1/(n+√n) < 1/n आणि Σ 1/n डायव्हर्ज होते, म्हणून Σ 1/(n+√n) डायव्हर्ज होते.

सिरीज खरंच डायव्हर्ज होते, आणि त्यामुळेच या गणिताचे मार्क कापले की वर्गात भांडण होतं. 'पुस्तकाच्या मागे हेच उत्तर आहे' म्हणतात. त्यांना हाच युक्तिवाद Σ 1/n² ला लावायला सांग. 1/n² ≤ 1/n, आणि Σ 1/n डायव्हर्ज होते, तेव्हा Σ 1/n² सुद्धा डायव्हर्ज व्हायला हवी. पण ती कन्व्हर्ज होते. तिची बेरीज π²/6, म्हणजे सुमारे १.६४, हे ऑयलरने अठराव्या शतकातच काढलं. डायव्हर्ज होणाऱ्या सिरीजपेक्षा लहान असणं हा कसलाच पुरावा नाही. कन्व्हर्ज होणारीपेक्षा मोठं असणं हाही नाही.

दुरुस्ती अशी. डायव्हर्ज दाखवायचं असेल तर खालून टेकू लागतो, म्हणजे आपल्या टर्मपेक्षा लहान आणि तरी डायव्हर्ज होणारी सिरीज हवी. √n ≤ n असल्यामुळे n + √n ≤ 2n, म्हणून 1/(n+√n) ≥ 1/(2n). आता Σ 1/(2n) डायव्हर्ज होते, म्हणून आपलीही होते. छेद मोठा केला की अपूर्णांक लहान होतो, सगळं गणित एवढ्यावर उभं आहे, आणि घाईत उलटतं तेही हेच.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण म्हणजे n = 2 पासूनची Σ 1/(n²−1). हिची टर्म 1/n² पेक्षा मोठी आहे, म्हणून सरळ तुलना निरुपयोगी. पण n ≥ 2 असताना n² − 1 ≥ n²/2 हे खरं आहे (n = 2 ला 3 ≥ 2, पुढे फरक वाढतच जातो), म्हणून 1/(n²−1) ≤ 2/n², आणि सिरीज कन्व्हर्ज होते. पुढे २ हा गुणक आला याची धास्ती घ्यायचं कारण नाही. धन संख्येने गुणल्याने कन्व्हर्जन्स बदलत नाही, आणि असा गुणक घेण्याची मोकळीक आहे हे न कळल्यामुळेच अनेकजण उलटी असमानता लिहून मोकळे होतात.

आणखी एक अट विसरली जाते: टर्म ऋण नकोत. विसरली तर काय होतं ते एका ओळीत दाखवता येतं. प्रत्येक n साठी −1/n < 1/n², आणि Σ 1/n² कन्व्हर्ज होते. म्हणून Σ (−1/n) कन्व्हर्ज व्हायला हवी, जी उघड डायव्हर्ज होते. Σ (sin n)/n² सारख्या गणितात हीच अडचण येते. तिथे आधी |sin n|/n² ≤ 1/n² घ्यायचं, अ‍ॅब्सोल्यूट कन्व्हर्जन्स दाखवायचा आणि त्यावरून मूळ सिरीजचा.

वहीतली ओळ: असमानता लिहिण्याआधी 'माझा अंदाज: ही सिरीज … होते, म्हणून तुलना … बाजूने हवी' हे लिहायचं. अंदाज कसा करायचा? अंश आणि छेद यांतला सगळ्यात वेगाने वाढणारा भाग ठेवायचा आणि बाकीचा पुसायचा. n+√n मध्ये n उरतो, n²−1 मध्ये n². असमानता सुचतच नसेल तर लिमिट कम्पॅरिझन टेस्ट वापरायला काहीच हरकत नाही, पण तिचा निकाल दोन्ही बाजूंनी लागतो तो aₙ/bₙ चं लिमिट शून्याहून मोठी, सांत संख्या आली तरच. लिमिट ० आलं आणि Σ bₙ डायव्हर्ज होत असेल तर काही कळत नाही. aₙ = 1/n² आणि bₙ = 1/n घेऊन बघ, गुणोत्तर शून्याकडे जातं आणि Σ aₙ मजेत कन्व्हर्ज होते.

रेशो टेस्ट

इथे दोन अगदी वेगळ्या चुका एका नावाखाली येतात. पहिली निष्कर्षाची: लिमिट १ आलं तरी काहीतरी उत्तर देऊन टाकणं. Σ 1/n आणि Σ 1/n² दोन्हींना लिमिट १ येतं, एक डायव्हर्ज होते आणि दुसरी कन्व्हर्ज, तेव्हा १ वरून काही ठरत नाही. हिचंच एक फसवं रूप आहे. 1/n साठी aₙ₊₁/aₙ = n/(n+1), आणि हे प्रत्येक n ला १ पेक्षा लहान असतं. 'रेशो १ पेक्षा लहान, म्हणून कन्व्हर्ज' असं लिहिणाऱ्याने लिमिट घेतलंच नाही. अट लिमिटवर आहे, एकेका गुणोत्तरावर नाही. टर्ममध्ये नुसते n चे घात आणि मुळं असतील तर रेशोचं लिमिट नेहमी १ च येणार, म्हणून तिथे ही टेस्ट काढायचीच नाही. फॅक्टोरियल असेल किंवा n घातांकात असेल तरच तिच्याकडे वळायचं.

दुसरी चूक बीजगणिताची, आणि माझ्या मते पानावर जास्त जागा हिला दे, कारण हिच्यात युक्तिवाद निर्दोष असतो आणि उत्तर तरी उलटं येतं. Σ (n!)²/(2n)! हे गणित घे. चुकलेलं उत्तर असं असतं:

aₙ₊₁ = ((n+1)!)²/(2n+1)!

aₙ₊₁/aₙ = (n+1)²/(2n+1) → ∞, म्हणून डायव्हर्ज होते.

चूक पहिल्याच ओळीत आहे. n च्या जागी n+1 ठेवायचा म्हणजे 2n च्या जागी 2(n+1), म्हणजे 2n+2 येतो. कंसाशिवाय घाईत '2n मध्ये एक मिळवला' की 2n+1 होतो. आता नीट करू:

aₙ₊₁ = ((n+1)!)²/(2n+2)!

(2n+2)! = (2n+2)(2n+1)·(2n)!

aₙ₊₁/aₙ = (n+1)²/((2n+2)(2n+1)) = (n+1)/(2(2n+1)) → 1/4

1/4 हा १ पेक्षा लहान, सिरीज कन्व्हर्ज होते. एका कंसामुळे उत्तर पार उलटं झालं होतं. (2n+2)! उलगडताना दोन गुणक बाहेर येतात हेही निसटतं. एकच काढला तरी लिमिट बिघडतं.

ही चूक पकडायची सोपी रीत आहे, आणि ती तुझ्या पानावर यायलाच हवी. पहिल्या दोन-तीन टर्म आकड्यांत काढायच्या. इथे a₁ = 1/2, a₂ = 4/24 = 1/6, a₃ = 36/720 = 1/20. म्हणजे a₂/a₁ = 1/3 आणि a₃/a₂ = 3/10. आता रेशोच्या सूत्रात n = 1 घाल: बरोबर सूत्र 2/(2×3) = 1/3 देतं, n = 2 घातलं तर 3/10. चुकलेलं सूत्र n = 1 ला 4/3 देतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि त्यानंतर चुकलेल्या रेशोवर लिमिट काढत बसण्याची वेळ येत नाही.

हीच तपासणी Σ n!/nⁿ मध्येही कामाला येते. तिथे रेशो सुटसुटीत होऊन nⁿ/(n+1)ⁿ, म्हणजेच 1/(1+1/n)ⁿ उरतो. n = 1 ला तो 1/2 आहे, आणि a₂/a₁ सुद्धा 1/2 आहे; बीजगणित बरोबर. यापुढे मात्र काहीजण '1/n शून्याकडे जातो, म्हणून कंस १, आणि १ चा कोणताही घात १' असं म्हणतात आणि लिमिट १ लिहितात. आतला n आणि घातांकातला n एकच आहे, एकाला पुढे पाठवून दुसऱ्याला थांबवता येत नाही. (1+1/n)ⁿ चं लिमिट e आहे, म्हणून रेशोचं लिमिट 1/e, सुमारे ०.३७, आणि सिरीज कन्व्हर्ज होते.

वहीतली ओळ: रेशोच्या सूत्राशेजारी समासात 'n = 1 तपासलं' आणि तो आकडा.

आल्टरनेटिंग सिरीजला वेगळं ठिकाण देऊ नकोस. वह्यांत तिचा त्रास बहुतेक वेळा एकाच अटीचा असतो. लायब्निट्झच्या टेस्टमध्ये टर्मचं मूल्य शून्याकडे जायला हवं आणि ते उतरतं असायला हवं. पहिली अट तपासली जाते, दुसरी 'दिसतंच आहे' म्हणून सोडली जाते. ती सोडून चालत नाही हे दाखवायला n = 2 पासून bₙ = 1/√n + (−1)ⁿ/n घे. सगळे bₙ धन आहेत आणि शून्याकडे जातात. पण b₂ सुमारे १.२१, b₃ सुमारे ०.२४, b₄ = ०.७५, b₅ सुमारे ०.२५, मूल्य खाली-वर उड्या मारतंय. Σ (−1)ⁿbₙ उलगडली की Σ (−1)ⁿ/√n आणि Σ 1/n यांची बेरीज मिळते. पहिली कन्व्हर्ज, दुसरी डायव्हर्ज, म्हणून एकत्र डायव्हर्ज. उतरतेपणा दाखवायचा तर डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, किंवा bₙ₊₁ ≤ bₙ लिहून तिरका गुणाकार करायचा.

पॉवर सिरीजची टोकं

यासाठी एकच गणित पूर्ण सोडवून दे, कारण त्यात वह्यांतल्या दोन-तीन चुका एकदम भेटतात: Σ (2x−3)ⁿ/(n·5ⁿ) कोणत्या x साठी कन्व्हर्ज होते?

रेशोचं अ‍ॅब्सोल्यूट मूल्य (|2x−3|/5) × n/(n+1), आणि लिमिट |2x−3|/5. हे १ पेक्षा लहान हवं, म्हणून |2x−3| < 5. इथे थांबून 'रेडियस ५' लिहिणारे पुष्कळ निघतील. रेडियस x च्या भाषेत मोजायची असते. −5 < 2x−3 < 5, म्हणून −2 < 2x < 8, म्हणून −1 < x < 4. मध्य 3/2, रेडियस 5/2. x चा गुणक १ नसेल तर त्याने भागल्याशिवाय रेडियस लिहायची नाही.

आता टोकं. x = −1 आणि x = 4 ला पुन्हा रेशो टेस्ट लावणं व्यर्थ आहे, कारण ही टोकं आली तीच मुळी रेशोचं लिमिट १ होतं त्या जागी. तिथे x ची किंमत घालून साधी सिरीज लिहायची आणि दुसरी टेस्ट लावायची. x = 4 ला 5ⁿ/(n·5ⁿ) = 1/n, डायव्हर्ज. x = −1 ला (−5)ⁿ/(n·5ⁿ) = (−1)ⁿ/n, लायब्निट्झने कन्व्हर्ज. उत्तर −1 ≤ x < 4.

'एक टोक कळलं म्हणजे दुसरंही तसंच' हा समज मोडायला छेदातला n बदलून बघायला सांग. n काढून टाकला तर दोन्ही टोकं बाहेर जातात. n च्या जागी n² घातला तर दोन्ही आत येतात. रेडियस मात्र तिन्ही वेळा 5/2 च राहते. म्हणजे टोकांचा निकाल रेडियसवरून लागत नाही, प्रत्येक टोकाला जाऊनच बघावं लागतं. वहीतली ओळ: उत्तराआधी 'डावं टोक:' आणि 'उजवं टोक:' हे दोन शब्द लिहून समोर जागा सोडायची. रिकामी जागा तपासणाऱ्याच्या आधी स्वतःलाच दिसते.

तळाच्या दोन ओळींत जिओमेट्रिक सिरीजची पहिली टर्म घे. n = 2 पासूनच्या Σ 3·(1/2)ⁿ ची बेरीज 3/(1−1/2) = 6 नव्हे. सूत्रातला a म्हणजे खरोखर पहिली येणारी टर्म, इथे 3/4, म्हणून बेरीज (3/4)/(1/2) = 3/2. आणि |r| < 1 ही अट सूत्राआधी लिहायची, नाहीतर 1 + 2 + 4 + 8 + … ची बेरीज −1 येते आणि कोणी चमकतही नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कोणी हेच पान मागितलं तर पॉवर सिरीजचा भाग वर घे आणि कम्पॅरिझनचा आखूड कर. बाकी तसंच चालेल. पान वाटण्याआधी एक चाचणी कर. यादी करताना ज्यांच्या वह्या घेतल्या नव्हत्या अशा दोघा-तिघांना पान वाचायला दे आणि लगेच, पान समोर ठेवूनच, तीन गणितं सोडवायला सांग. पानावर असलेलीच गणितं देऊ नकोस. ही चालतील: Σ (−1)ⁿ n/(2n+1), Σ (2n)!/(n!·nⁿ), आणि Σ 1/(n·n^(1/n)).

पहिलीत टर्म शून्याकडे जात नाही, म्हणून डायव्हर्ज. ज्याने 'लायब्निट्झची अट मोडते, म्हणून डायव्हर्ज' लिहिलं असेल त्याला सांग की लायब्निट्झची अट मोडली म्हणजे ती टेस्ट गप्प बसली, डायव्हर्जन्स सिद्ध होतो तो टर्मच्या लिमिटवरून. दुसरीत रेशो (2n+2)(2n+1)nⁿ/((n+1)(n+1)ⁿ⁺¹) येतो, सुटसुटीत केला की 2(2n+1)/(n+1) गुणिले 1/(1+1/n)ⁿ. त्याचं लिमिट 4/e, सुमारे १.४७, म्हणून डायव्हर्ज. n = 1 ला सूत्र 3/2 देतं, आणि a₁ = 2, a₂ = 24/8 = 3, जुळतं. तिसरी खरी परीक्षा आहे. n·n^(1/n) म्हणजे n चा 1 + 1/n वा घात, आणि p-टेस्ट पाठ असलेला म्हणेल, p एकापेक्षा मोठा, कन्व्हर्ज. पण p-टेस्टमध्ये p ठरलेली संख्या असते, इथे तो n बरोबर बदलतोय आणि एककडे सरकतोय. n^(1/n) चं लिमिट १ आहे, म्हणून 1/n शी लिमिट कम्पॅरिझन केली की गुणोत्तर १ येतं आणि सिरीज डायव्हर्ज ठरते. हे गणित पान वाचूनही चुकलं, तर रेशो टेस्टच्या भागातलं (1+1/n)ⁿ चं उदाहरण मोठ्या टायपात घे आणि 'n दोन जागी असेल तर दोन्ही एकदम हलतात' हे त्याच्या शेजारी लिही.